छत्रसालाचा दोहा आणि आपलीं पत्रें

पत्रांतील मजकूर लिहून होतो, सही करावयाची तेवढी उरते, आणि कागदावर दोनचार बोटें जागा मोकळी दिसते. त्या मोकळ्या जागेंत एखादी म्हण घालावी, एखादा दोहा किंवा श्लोक लिहावा, असें पुष्कळांच्या मनांत येतें. कधीं त्या दोन ओळींनीं वाचणाराच्या डोळ्यांत पाणी येतें, कधीं तशाच दोन ओळींनीं त्याच्या कपाळावर आठी पडते आणि तो मनाशीं म्हणतो, "आले मोठे पंडित!" हा फरक कशानें पडतो, हें समजावें म्हणून आज मी आपणांस सुमारें तीनशें वर्षांपूर्वींच्या एका पत्राची हकीकत सांगणार आहें.

तें पत्र बुंदेलखंडचा राजा छत्रसाल यानें थोरल्या बाजीराव पेशव्यास धाडलेलें. साल १७२९.

छत्रसालाचा जन्म १६४९ चा. म्हणजे पत्र लिहिलें तेव्हां तो ऐंशीच्या घरांत होता. तरुणपणीं तो दक्षिणेंत येऊन शिवाजी महाराजांस भेटला होता, आणि आपल्या मुलखांत परत जाऊन मोगलांशीं झुंज घेण्याची प्रेरणा त्यानें त्या भेटींतून घेतली, अशी हकीकत लाल कवीच्या 'छत्रप्रकाश' या काव्यांत आहे. त्यानंतर सुमारें पन्नास वर्षें हा पुरुष घोड्यावरच होता. परंतु तो नुसता तलवारबहाद्दर नव्हता. भूषण कवीचा त्यानें सन्मान केला, आणि स्वतःहि व्रजभाषेंत कविता केली. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे.

अलाहाबादचा सुभेदार महंमदखान बंगश हा मोठी फौज घेऊन बुंदेलखंडांत शिरला. लढाया पुष्कळ झाल्या. अखेर १७२८ सालच्या शेवटीं जैतपूरचें ठाणें बंगशाच्या हातीं गेलें आणि म्हातारा राजा कोंडींत सांपडला. त्याच सुमारास बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजी आप्पा यानें माळव्यांत अमझेऱ्यास मोगलांचा सुभेदार गिरिधरबहादूर याचा पाडाव केला होता, आणि स्वतः बाजीराव दुसऱ्या वाटेनें उत्तरेकडे सरकत होता. मदत करूं शकेल असा दुसरा कोणी जवळ नव्हता. छत्रसालानें बाजीरावाकडे आपलीं माणसें पाठविलीं आणि त्यांच्या हातीं पत्र दिलें.

या पत्राचा जो अंश लोकांच्या तोंडीं राहिला, तो म्हणजे एक दोहा. दप्तरापेक्षां लोकस्मृतीनेंच तो अधिक जपला आहे. म्हणून त्यांतील अक्षर न् अक्षर छत्रसालाचेंच, असा हट्ट इतिहासाच्या अभ्यासकानें धरूं नये. परंतु दोहा असा कांहीं नेमका आहे, कीं तो ज्या कोणीं रचला त्याला पत्र कसें लिहावें हें पुरतें ठाऊक होतें. आपणांपैकीं पुष्कळांस तो पाठ असेल. म्हणून तो म्हणून न दाखवितां त्याची रचना कशी आहे, तेवढेंच उलगडून सांगतों.

दोह्याच्या दोन ओळी. प्रत्येक ओळींत तेरा आणि अकरा अशा चोवीस मात्रा. मध्यें एक विसांवा, आणि शेवटीं दोन्ही ओळींचें यमक जुळलेलें. इतक्या अरुंद जागेंत पाल्हाळ करतांच येत नाहीं. पहिल्या ओळींत छत्रसाल आपली स्थिति सांगतो: मगरीनें पाय धरलेल्या गजेंद्राची जी गति झाली, तीच आज माझी झाली आहे. दुसऱ्या ओळींत तो मागणें मागतो: बुंदेल्याची बाजी हातची जात आहे, हे बाजी, लाज राख. एका ओळींत दुखणें, दुसरींत मागणें. तिसरी गोष्टच नाहीं.

आतां या दोन ओळींत कोणास कोठें बसविलें आहे, तें पाहूं. गजेंद्रमोक्षाची कथा भागवताच्या आठव्या स्कंधांत आहे. हत्तींचा राजा पाणी पिण्यास सरोवरांत उतरला, मगरीनें त्याचा पाय धरला. जमिनीवर ज्याच्यापुढें कोणी टिकत नसे, त्याचें बळ पाण्यांत चालेना. कळपांतील सोबती थकून गेले. शेवटीं त्यानें सोंडेंत कमळ धरून विष्णूचा धांवा केला, आणि विष्णु धांवून आला. या कथेंत पात्रें तीन: हत्ती, मगर आणि सोडविणारा. छत्रसालानें हत्ती सांगितला, मगर सांगितली. तिसऱ्याचें नांव मात्र त्यानें घेतलें नाहीं. 'आपण साक्षात् विष्णु आहांत' असें त्यानें लिहिलें असतें, तर ती नुसती खुशामत झाली असती, आणि वाचणारास संकोच वाटला असता. त्यानें ती जागा मोकळी सोडली. बाजीरावानें पत्र वाचलें तेव्हां ती मोकळी जागा त्याची त्यालाच दिसली असली पाहिजे. जी गोष्ट वाचणारा आपल्या मनानें पुरी करतो ती त्याची स्वतःची होते. आणि अशा ओळीला मिरवण्याचा दोष लागत नाहीं, कारण मिरवण्याचें वाक्य तेथें लिहिलेलेंच नसतें.

दुसरें असें पहा. छत्रसालानें स्वतःस कोणाची उपमा दिली? हत्तीची. शेळीची नव्हे, हरणाचीहि नव्हे. हत्ती संकटांत सांपडला तरी हत्तीच असतो. पन्नास वर्षें लढलेल्या राजानें मदत मागतांना नम्रता दाखविली, परंतु लाचारी दाखविली नाहीं. मागणाराची किंमत राहिली, म्हणून ज्याच्यापाशीं मागितलें त्याचीहि राहिली. दुबळ्यानें हात पसरला तर दया येते. तोलाच्या माणसानें हांक मारली तर आपलेपणा वाटतो.

आणि तिसरें म्हणजे 'बाजी' हा शब्द. बाजी म्हणजे पटावरील डाव, आणि बाजी म्हणजे ज्याला पत्र लिहिलें तो पुरुष. हा श्लेष करण्यासाठीं छत्रसालास कोशांत शोधावें लागलें नाहीं. वाचणाराचें नांवच त्याला सांपडलें. ऐंशीच्या घरांतील राजा अठ्ठावीस वर्षांच्या सेनानायकास नुसत्या नांवानें हांक मारतो. पेशवाईचीं पदें, बिरुदें, मोठा मायना, सारें बाजूस पडतें आणि वडील माणसानें घरच्या मुलास बोलवावें तसा सूर लागतो. ही ओळ दुसऱ्या कोणास पाठविण्याजोगी नव्हती. मल्हारराव होळकरास ती लिहून भागलें नसतें, चिमाजी आप्पासहि नाहीं. ती एकाच माणसासाठीं केलेली होती, आणि त्यामुळेंच तिच्यांत ऊब आहे.

श्रोतेहो, हीच मागणी आपल्या मराठी म्हणींत कोणी घातली असती तर काय झालें असतें, याची कल्पना करून पहा. संकटांत सांपडलेल्या थोराविषयीं आपल्याकडे एक म्हण अगदीं तयार आहे: 'अडला हरी गाढवाचे पाय धरी'. म्हण खरी आहे, ठसकेदार आहे, आणि प्रसंगासहि वरवर लागू पडते. मात्र ती पत्रांत घातली कीं लिहिणारा हरी होतो आणि वाचणारा गाढव होतो! विनोद म्हणून हें आपणांस लगेच दिसतें. परंतु कमी उघड अशा म्हणींत हीच चूक आपण रोज करतों आणि ती आपल्या ध्यानांतहि येत नाहीं. म्हण ही एक लहानशी गोष्ट असते. तिच्यांत पात्रें असतात. पत्रांत म्हण घातली कीं लिहिणारा आणि वाचणारा दोघेहि त्या गोष्टींत जाऊन बसतात. म्हणून म्हण सुंदर आहे कीं नाहीं, हा प्रश्न मागाहूनचा. आपण वाचणारास कोणत्या पाटावर बसवीत आहों, हा पहिला.

आतां दोह्याची तारीफ करतांना इतिहासाशीं बेइमानी होऊं नये. बाजीराव केवळ दोन ओळी वाचून धांवला, असें मानणें भाबडेपणाचें होईल. माळव्याची वाट नुकतीच मोकळी झाली होती. बुंदेलखंडांत पाय रोवण्याचा लाभ त्याला दिसत होता. दोहा नसता तरी कदाचित् तो गेला असता. १७२९ च्या मार्च महिन्यांत तो महोब्यापर्यंत पोंचला, छत्रसालास भेटला, आणि पारडें फिरलें. आतां बंगशच जैतपुरांत कोंडला गेला. त्याचा मुलगा काइमखान मदतीस आला, त्याचाहि मोड झाला. पुढें पावसाळा तोंडावर आल्यामुळें बाजीराव दक्षिणेकडे परतला, तरी बुंदेल्यांनीं वेढा चालू ठेवला. आणि पुन्हां चाल करून येणार नाहीं असें लिहून देऊन ऑगस्ट महिन्यांत बंगश निघून गेला. हें सारें फौजेचें आणि राजकारणाचें काम. तें दोह्यानें झालें नाहीं.

मग दोह्यानें काय झालें? व्यवहाराला नात्याचा रंग आला. छत्रसालानें बाजीरावास आपला तिसरा मुलगा मानलें, आणि हिरदेसा व जगतराज या आपल्या दोन मुलांच्या बरोबरीनें राज्याचा सुमारें तिसरा हिस्सा त्याला देऊं केला. १७३१ सालच्या डिसेंबरांत छत्रसाल वारला, आणि पुढें त्याच्या मुलांनीं तो शब्द पाळला. सागर, काल्पी हा मुलूख असा मराठ्यांकडे आला. मागणें पदरांत पडलें तें लाभाच्या हिशेबानें, परंतु पुढें टिकलें तें आपलेपणानें. पत्रांतील म्हणीनें किंवा दोह्यानें एवढेंच करावयाचें असतें. तिनें मागण्याचें ओझें उचलूं नये. मागणें साध्या शब्दांत स्पष्ट सांगावें; म्हणीनें त्या मागण्यामागचा माणूस दाखवावा.

या बुंदेलखंडच्या हिश्शाची व्यवस्था पुढें ज्या गोविंदपंतानें पाहिली, तो त्या मुलखावरूनच गोविंदपंत बुंदेले म्हणून प्रसिद्ध झाला. पानिपतच्या मोहिमेंत अबदालीची रसद तोडण्याच्या कामीं तो १७६० च्या डिसेंबरांत मारला गेला. त्यानंतर महिन्याभरांत, १४ जानेवारी १७६१ रोजीं, पानिपतचा घात झाला. त्या घाताची बातमी सांगणारें एक पत्र प्रसिद्ध आहे. छत्रसालाच्या दोह्याशेजारीं तें ठेवून पाहिलें म्हणजे आपल्या विषयाची दुसरी बाजू कळते.

तें पत्र एका सावकाराच्या पेढीवरून दक्षिणेंतील पेढीकडे चाललें होतें. नानासाहेब पेशवे, म्हणजे बाजीरावाचे थोरले चिरंजीव, कुमक घेऊन उत्तरेस निघाले होते. वाटेंत पत्र नेणारा जासूद त्यांना आढळला आणि पत्र फोडण्यांत आलें. मजकूर व्यापारी बोलींत होता. त्याचा भावार्थ असा: दोन मोतीं गळालीं, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये व खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाहीं. दोन मोतीं म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे मोठमोठे सरदार. खुर्दा म्हणजे बिनमोजलेलें सैन्य.

ही भाषा सावकारानें डौल म्हणून वापरली नव्हती. पेढीवर बसणाराला हानि समजते ती मोतीं, मोहर, रुपया आणि पैसा अशा उतरत्या किमतीनें. लिहिणारा आणि वाचणारा एकाच धंद्यांतले. बातमी उघड लिहिणें धोक्याचें. तेव्हां हें रूपक त्या दोघांमध्यें चोख होतें. परंतु तें पत्र तिसऱ्याच्या हातीं पडलें. विश्वासराव हा नानासाहेबांचा मुलगा, भाऊ हा चुलतभाऊ. पेढीच्या हिशेबांत जें मोतीं, तें बापाच्या हिशेबांत पोटचें पोर. नानासाहेब त्या आघातांतून सांवरले नाहींत. त्याच वर्षाच्या जून महिन्यांत ते पुण्यास वारले. त्यांच्या मृत्यूचा दोष त्या ओळींस देणें वेडेपणाचें होईल. परंतु एका माणसासाठीं योजलेलें रूपक दुसऱ्यानें वाचलें म्हणजे त्याचें वजन कसें बदलतें, हें त्यावरून दिसतें. हल्लीं हातांतल्या मोबाईलवर आलेला निरोप पुढें ढकलण्यास बोटाचा एक स्पर्श पुरतो. एकास लिहिलेली चुरचुरीत म्हण संध्याकाळपर्यंत सगळ्या भावकीनें वाचलेली असते. तेव्हां जी म्हण तिसऱ्या माणसानें वाचली तर कोणाचें मन दुखेल, ती लेखी निरोपांत घालूं नये. तोंडीं बोलतांना तिच्यासोबत आपलें हसूं असतें, कागदावर तें नसतें.

दुसऱ्यांचीं पत्रें तपासतांना माझें स्वतःचें एक पत्र लपवून ठेवणें बरें नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या मावसभावाचें मला पत्र आलें. तो माझ्याहून वडील. आम्ही त्याला दादा म्हणतों. त्याच्या घरीं माझी मावशी अर्धांगानें अंथरुणाला खिळलेली. रात्रीं तिला दर दोन तासांनीं कुशीवर वळवावें लागे. दादा आणि वहिनी पाळीपाळीनें जागत. पत्रांत मागणें कांहींच नव्हतें. फक्त एवढेंच लिहिलें होतें, कीं गेल्या महिन्यांत सलग चार तास झोंप एकदांहि मिळाली नाहीं. मीं उत्तर लिहिलें, काळजी घ्या, धीर धरा म्हटलें, आणि शेवटीं सांत्वन म्हणून एक म्हण घातली: 'घरोघरीं मातीच्या चुली'. माझ्या मनांत असें, कीं अशी वेळ प्रत्येक घरावर येते, तुम्ही एकटे नाहीं. मास्तरकीच्या संवयीप्रमाणें मला ती म्हण समर्पकहि वाटली.

पुढें दोन महिने दादाचें पत्र आलें नाहीं. अखेर एका लग्नांत वहिनी भेटल्या आणि शांतपणें म्हणाल्या, "भाऊजी, चुली मातीच्या सगळ्यांच्याच असतात हो. पण आमच्या चुलीवर ठेवलेलें उतरवायला कोणी आलें नाहीं." मला उत्तर सुचलें नाहीं.

घरीं येऊन मीं माझी ओळ पुन्हां तपासली. म्हणींत कांहीं खोटें नव्हतें. परंतु त्या म्हणींत वाचणाराची जागा कोठें आहे? असंख्य घरांपैकीं एक घर, असंख्य चुलींपैकीं एक चूल. त्यानें एका महिन्याची झोंप सांगितली, आणि मीं त्याला जगाच्या गर्दींत नेऊन उभें केलें. आणि लिहिणाराची जागा? ती तर नव्हतीच. मी बाहेर उभा राहून सगळ्यांच्या चुली पाहात होतों. स्वतःच्या दुःखाविषयीं बोलणारानें ही म्हण वापरली तर ती समजूतदार वाटते. दुसऱ्याच्या दुःखाला ती लावली तर तीच वाटेला लावणारी होते. 'पळसाला पानें तीनच', 'चालायचेंच' अशा सर्व वचनांची हीच गत आहे. दुःख लहान करणारी म्हण ज्याचें दुःख त्यानेंच वापरावी.

मग मीं दुसरें पत्र लिहिलें. पहिला मसुदा असा होता: "तीर्थस्वरूप दादांस साष्टांग नमस्कार. सेतु बांधतांना ज्याप्रमाणें एका लहानशा खारीनेंहि वाळूचे कण वाहून प्रभु रामचंद्रास साहाय्य केलें, त्याप्रमाणें मीहि आपल्या या थोर मातृसेवेंत खारीचा वाटा उचलूं इच्छितों." हें वाचून पाहिलें तेव्हां माझें मलाच हसूं आलें. दादाला रामायण मीं सांगावयाचें! कथा उलगडून सांगितली कीं वाचणारास ती ठाऊक नाहीं असें आपण गृहीत धरतों. शिवाय 'थोर मातृसेवा' म्हणून मीं ती मोकळी जागा आपल्याच हातानें भरून टाकली होती. आणि सर्वांत वाईट म्हणजे या एवढ्या वाक्यांत मी काय करणार, हें कोठेंच नव्हतें.

तो कागद बाजूला ठेवून मीं असें लिहिलें: "तीर्थस्वरूप दादांस साष्टांग नमस्कार. मागच्या पत्रांत मीं म्हण लिहिली, ती लिहावयास नको होती. येत्या शुक्रवारीं दुपारच्या गाडीनें येत आहें. आठ दिवस राहीन. रात्रीं दहापासून चारपर्यंतची जाग माझ्याकडे असूं द्यावी. मावशीला कुशीवर कसें वळवावयाचें, तें पहिल्या रात्रीं मला दाखवावें. वहिनींस सांगावें, कीं माझ्यासाठीं वेगळें कांहीं करूं नये. खारीचा वाटा, दादा, एवढाच. लोभ असावा." आठ दिवसांनीं मी परतलों तेव्हां दादा स्टेशनवर पोंचवावयास आला होता आणि गाडी सुटतांना म्हणाला, "खार पुन्हां केव्हां येणार?" त्यानंतर ती येत राहिली.

या दुसऱ्या पत्राची आणि छत्रसालाच्या दोह्याची मी बरोबरी करीत नाहीं. परंतु आंतील बांधणी एकच आहे, हें आपल्या ध्यानांत आलें असेल. वाचणारास ठाऊक असलेली कथा. लिहिणारानें स्वतःकडे घेतलेली धाकटी जागा. मोठी जागा न बोलतां वाचणारासाठीं मोकळी सोडलेली. आणि म्हणीच्या आधीं सांगून टाकलेला रोखठोक मजकूर. वार, गाडी, दिवस, तास हें आधीं आलें म्हणून शेवटचे तीन शब्द पोकळ वाटले नाहींत. तेच शब्द पत्राच्या आरंभीं असते तर वाचणारा पुढील मजकुराची वाट पाहात संशयानें वाचता. म्हणीची जागा मजकूर संपल्यावर आणि 'लोभ असावा' म्हणण्यापूर्वीं. जुन्या पत्रांतूनहि कामाचा मजकूर संपला कीं 'बहुत काय लिहिणें' म्हणून लिहिणारा क्षणभर थांबत असे. ती क्षणभराची जागाच हिची.

येथें एक इशारा देणें जरूर आहे. 'खारीचा वाटा' हे शब्द स्वतःविषयींच शोभतात. आभारपत्रांत 'आपण उचललेल्या खारीच्या वाट्याबद्दल ऋणी आहों' असें लिहिलेलें मीं अनेकदां पाहिलें आहे. लिहिणाराचा हेतु गौरवाचा असतो. परंतु ज्यानें मदत केली त्याला खार करून आपण स्वतः सेतु बांधणारे होऊन बसतों. दात्यानें म्हटलें तर तो विनय, घेणारानें म्हटलें तर ती अवहेलना. शब्द तेच, पाट बदलले.

दोहा किंवा श्लोक घालावयाचा असेल तर आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. तो अक्षरशः बिनचूक आठवत असला पाहिजे. ओळ अर्धवट आठवून जुळविली कीं जाणकार वाचणाराचें लक्ष मजकुरावरून उडून चुकीवर जातें. आणि ती भाषा आपल्या रोजच्या बोलण्यांतली असली पाहिजे. छत्रसाल व्रजभाषेंत कविता करीत असे, हें मीं आरंभीं सांगितलें तें याचसाठीं. दोहा ही त्याची नेहमींची बोली होती. ठेवणींतला शेला नव्हे. ज्याच्या तोंडीं एरव्हीं कधीं संस्कृत येत नाहीं त्यानें शोकपत्रांत गीतेचा श्लोक उतरून धाडला, तर तो श्लोक उसना आणलेला आहे हें वाचणारास पहिल्या ओळींतच कळतें. त्यापेक्षां त्यानें, गेलेल्या माणसाच्या तोंडीं नेहमीं असलेली एखादी साधी म्हण आठवून लिहावी. 'काका अशा वेळीं हें म्हणत' एवढें म्हटलें कीं त्या घरांत काकांचाच आवाज ऐकूं येतो, आणि लिहिणारा मागें राहतो.

हें सारें साधलें कीं नाहीं, हें ओळखण्याची माझी रीत एकच आहे. पत्र लिहून झालें कीं मी तें वाचणाराच्या नांवानें, त्याच्या जागीं बसून, मोठ्यानें वाचतों. मग म्हणीची ओळ बोटानें झांकून पुन्हां वाचतों. ती झांकल्यावर पत्राचें काम अडत असेल, तर मीं म्हणीवर भलतें ओझें टाकलें आहे. तें साध्या शब्दांत लिहून काढावयास हवें. ती झांकल्यावर कांहींच उणें वाटत नसेल, तर ती नुसती मिरवण्यासाठीं आहे. ती खोडून टाकावी. पत्राचें काम पुरें होतें, परंतु लिहिणाराचा हात सुटल्यासारखा वाटतो, असें झालें तर ती ओळ आपल्या जागीं आहे. अशा ओळी थोड्या सांपडतात. माझ्या दहा पत्रांपैकीं नवांत ती जागा मी हल्लीं मोकळीच ठेवतों, आणि तेवढ्यानें पत्र कोरडें झालें अशी तक्रार अजून कोणीं केलेली नाहीं.